डीकोडरमधूनच १:८ डीमल्टिप्लेक्सर

एकच सिरियल लाइन आठ उपकरणांपैकी हव्या त्या एकालाच द्यायची असेल, तर ७४एचसी१३८ हा डीकोडर पुरतो.

१. पिन १६ पुरवठ्याला, ८ ग्राउंडला.
२. पिन ६ पुरवठ्याला, ५ ग्राउंडला. डेटा पिन ४ वर.
३. पत्ता पिन ३, २, १ वर. १०१ दिल्यास डेटा वाय५ वर, म्हणजे पिन १० वर निघतो.

डेटा ० असताना डीकोडर चालू होऊन निवडलेलं आउटपुट ० होतं. १ असताना सगळी आउटपुट १. म्हणून डेटा सुलटाच मिळतो, आणि न निवडलेल्या सातही लाइन १ वर शांत राहतात. सिरियल रिसीव्हरला नेमकं हेच हवं असतं. डेटा पिन ६ वर दिलात तर तो उलटा निघेल.

पत्ता मात्र डेटा लाइन १ वर स्थिर असतानाच बदला. मध्येच बदलल्यास अर्धवट बाइट भलत्याच उपकरणाकडे जातो.