परदेशातल्या बिलांच्या फोटोंची रुपयात बेरीज: त्या त्या दिवसाच्या रेटने कशी करायची

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी ट्रिप झाली की मोबाईलमध्ये कोरुना, युरो आणि फोरिंट अशा तीन चलनांची बिलं जमतात. मग कोणीतरी सांगतं, आजचा रेट गूगल कर आणि सगळ्याला गुणून टाक. हे अजिबात करू नका. बिल ज्या दिवसाचं, रेट त्याच दिवसाचा, नाहीतर अकाउंट्सवाले परत पाठवणार आणि त्यांचं बरोबरच असतं.

आधी फोटो तारखेप्रमाणे लावा. एकाच जेवणाचं बिल आणि कार्ड मशीनची स्लिप असे दोन फोटो असतील तर एकच ठेवा. शीटमध्ये तारीख, चलन, रक्कम असे तीन कॉलम करा.

तारीख कागदावरची घ्यायची, फोटोची नाही, कारण बरेच जण सगळे फोटो शेवटच्या रात्री हॉटेलवर बसून काढतात. चेक आणि ऑस्ट्रियन बिलावर आधी दिवस मग महिना असतो, हंगेरीत मात्र आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. स्वल्पविराम म्हणजे तिकडे दशांश चिन्ह, म्हणजे 42,60 युरो हे बेचाळीस युरो साठ सेंट. आणि 18 400 किंवा 18.400 फोरिंट म्हणजे अठरा हजार चारशे, अठरा पॉइंट चार नव्हे.

आता रेट, खरी डोकेदुखी इथे आहे आणि मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागायचा. रिझर्व्ह बँकेच्या संदर्भ दरांच्या यादीत डॉलर, युरो, पाउंड, येन मिळतात पण कोरुना आणि फोरिंट नाहीत, म्हणून लोक दोन चलनांना एका साइटचा रेट लावतात आणि तिसऱ्याला दुसऱ्या साइटचा. असं मिसळू नका. युरोपियन सेंट्रल बँक कामकाजाच्या प्रत्येक दिवशी एका युरोला किती रुपये, किती कोरुना, किती फोरिंट हे एकाच यादीत देते, जुने रेटही eurofxref-hist.csv या फाईलमध्ये फुकट मिळतात. (ऑफिसने दुसरा सोर्स लेखी सांगितला असेल तर अर्थात तोच.)

पण शनिवारी, रविवारी आणि त्यांच्या बँक सुट्टीला रेट येत नाही. समजा ट्रिप 1 ते 4 मे 2025 होती. 1 मे सुट्टी, म्हणून त्या दिवशीच्या बिलाला 30 एप्रिलचा रेट. 2 मे शुक्रवार, त्याचा स्वतःचा रेट आहे, आणि 3, 4 मेला म्हणजे शनिवार-रविवारला तोच 2 मेचा. नियम एकच, मागचा शेवटचा जाहीर झालेला रेट घ्यायचा, सोमवारचा पुढचा कधीच नाही, कारण खर्च केला तेव्हा तो रेट अस्तित्वातच नव्हता.

फाईलमधले फक्त तारीख, INR, CZK, HUF हे कॉलम `rates` नावाच्या शीटमध्ये याच क्रमाने घ्या आणि जुनी तारीख वर येईल असं सॉर्ट करा, मूळ फाईल उलटी असते आणि सॉर्ट न केल्यास खालचा फॉर्म्युला गुपचूप चुकीचं उत्तर देतो. तारीख A2 मध्ये आणि रक्कम C2 मध्ये असेल तर फोरिंटसाठी:

```
=C2*VLOOKUP(A2,rates!A:D,2,TRUE)/VLOOKUP(A2,rates!A:D,4,TRUE)
```

कोरुनासाठी 4 च्या जागी 3, युरोसाठी भागाकार काढून टाका. शेवटच्या TRUE मुळे सुट्टीच्या तारखेला मागचा रेट आपोआप उचलला जातो.

हिशोब समजावा म्हणून गोल आकडे घेऊ. 30 एप्रिलला युरो 96 रुपये आणि 25 कोरुना धरला तर 1 मेचं प्रागचं 875 कोरुनाचं बिल 3,360 रुपये. 2 मेला युरो 95.50 रुपये आणि 404 फोरिंट धरला तर व्हिएन्नाचे 42,60 युरो म्हणजे 4,068.30 आणि शनिवारचं बुडापेस्टचं 18,400 फोरिंटचं जेवण 4,349.50. एकूण 11,777.80 रुपये. आता कोणी आधी एका फोरिंटचा रेट काढून तो 0.24 असा गोल केला तर तेच जेवण 4,416 रुपये होतं, एका बिलात 66 रुपये जास्त! म्हणून रेट कधीही गोल करायचा नाही, गोल करायचं ते शेवटच्या रुपयांना.

अजून एक, बिलाच्या खाली कधीकधी युरोतली रक्कमही छापलेली असते, ती दुकानाच्या स्वतःच्या रेटने काढलेली असते. तुम्ही फोरिंटमध्ये पैसे दिले असतील तर तिच्याकडे बघूही नका. आणि कार्ड मशीनवर रुपयात पैसे द्यायचा पर्याय निवडला असेल तर स्लिपवर रुपयेच असतात, तीच रक्कम थेट लिहा, पुन्हा रेट लावू नका. शेवटी प्रत्येक ओळीसमोर कुठल्या तारखेचा रेट घेतला ते लिहून ठेवा, शनिवारच्या बिलाला शुक्रवारचा रेट का हे अकाउंट्सवाले हमखास विचारतात.