गोडी छाटणीपासून शंभरावा दिवस: तारीख बोटांवर कशी काढावी

ऑक्टोबर लागला की निफाड, दिंडोरी, चांदवडकडे द्राक्षवाल्यांत एकच भाषा चालते: "तुमची बाग किती दिवसांची झाली?" डोळे फुटणं, डिपिंग, विरळणी, मण्यात पाणी उतरणं, सगळं छाटणीपासूनच्या दिवसांवर. थॉम्पसनची तोडणी साधारण ११० ते १३० दिवसांत येते, म्हणून शंभरावा दिवस आधीच काढून वहीत लिहून ठेवावा. त्या दिवसापासून साखर मोजायला लागायचं आणि व्यापाऱ्याशी बोलणं सुरू करायचं.

महिने ३० दिवसांचे धरून "तीन महिने आणि वर दहा दिवस" असा हिशोब मी स्वतः काही वर्षं केला. १० ऑक्टोबरच्या छाटणीला २० जानेवारी काढली आणि मजुरांच्या टोळीला तसं सांगून बसलो. खरी तारीख १८ होती. तोडणीच्या दिवसांत टोळी मिळायची मारामार, त्यात हे दोन दिवस माझेच गेले.

आधी महिन्याचे दिवस पक्के करा. मूठ वळा. तर्जनीच्या हाडावर जानेवारी, शेजारच्या खाचेत फेब्रुवारी, पुढच्या हाडावर मार्च, असं करंगळीच्या हाडावर जुलै येतो. ऑगस्ट पुन्हा तर्जनीच्या हाडावरून धरायचा. हाडावरचा महिना ३१ चा, खाचेतला ३० चा, फेब्रुवारी तेवढा २८ चा.

आता छाटणी १० ऑक्टोबर २०२६, शनिवारची धरू. ऑक्टोबरचे उरले २१ दिवस. त्यात नोव्हेंबरचे ३० मिळवले की ५१, डिसेंबरचे ३१ मिळवले की ८२. शंभराला १८ कमी पडतात, ते जानेवारीतून घ्यायचे. शंभरावा दिवस १८ जानेवारी २०२७.

यात छाटणीचा दिवस शून्य धरला आहे. काही जण त्यालाच पहिला दिवस म्हणतात, मग शंभरावा १७ तारखेला येतो. दोन्ही चालतं, पण फवारणीचं वेळापत्रक देणारा सल्लागार कसं मोजतो ते एकदा विचारून घ्या. भावाभावांत निम्मे वाद याच एका दिवसाचे असतात.

हिशोब बरोबर आला का, ते वारावरून कळतं. शंभर दिवस म्हणजे १४ आठवडे आणि वर दोन दिवस, म्हणून वार दोन घरं पुढे सरकतो. शनिवारची छाटणी, तर शंभरावा दिवस सोमवारच हवा. कॅलेंडरवर १८ जानेवारीला सोमवार आहे, म्हणजे जमलं. मंगळवार किंवा रविवार आला तर एखाद्या महिन्याचा दिवस चुकलाय, पुन्हा मूठ वळा.

झटपट हवं असेल तर तीच तारीख तीन महिने पुढे न्या आणि वर ८ दिवस घाला. १० ऑक्टोबरचे १० जानेवारी, वर ८, म्हणजे १८. जुलै ते नोव्हेंबरच्या छाटणीला ८ च लागतात, फक्त सप्टेंबरला ९, कारण तिथे ३० चे दोन महिने मध्ये येतात. बागलाणात २० ऑगस्टला अर्ली छाटणी केली असेल तर शंभरावा दिवस २८ नोव्हेंबर. मात्र ३० नोव्हेंबरची छाटणी असेल तर ३० फेब्रुवारी कुठून आणणार? तिथे लांबचा रस्ताच घ्यावा: डिसेंबर ३१, जानेवारी ६२, फेब्रुवारी ९०, उरले दहा, १० मार्च. लीप वर्षात तीच ९ मार्च होते.

छाटणी तीन-चार दिवस चालली असेल तर प्लॉटागणिक तारीख वेगळी धरा. आमच्याकडे प्रत्येक प्लॉटच्या टोकाच्या खांबावर खडूने छाटणीची तारीख असते. पाऊस आला की पुसते, म्हणून वहीतही असते.

फवारणीसाठी हाच हिशोब उलटा चालतो. लेबलवर काढणीपूर्वी ३० दिवस लिहिलं असेल आणि तोडणी ३० जानेवारीला ठरली असेल, तर ३० मागे गेल्यावर ३१ डिसेंबर. त्यानंतर ते औषध बंद. तोडणी लवकर ओढली तर ही तारीखही मागे सरकते, आणि इथेच शिल्लक अंशाचा अहवाल फसतो.

शंभर दिवस भरले म्हणजे बाग तयार झाली असं नाही. निफाडला पारा घसरला की साखर चढायला वेळ लागतो. त्या दिवशी प्लॉटच्या चार कोपऱ्यांतले आणि मधल्या ओळींतले मणी घ्या, घडाच्या वरचे तसेच शेंड्याचेही, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर बघा. शेंड्याचा मणी मागे असेल तर तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा.