बीजीव्ही रेड आल्यावर ऑफर मागे घेण्याचं पत्र

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात मी एचआर बघते. एचआरमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना ऑफर लेटर कसं काढायचं हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं. दिलेली ऑफर परत कशी घ्यायची हे मात्र कोणी शिकवत नाही. ती वेळ अचानक येते, वर प्लांट हेड विचारत असतात आणि घाईत असं एखादं वाक्य लिहून जातं की नंतर ते कोर्टात समजावून सांगावं लागेल. माझ्याकडून ते वाक्य लिहून झालं होतं. पत्र जायच्या आधी आमच्या वकीलसाहेबांनी ते खोडलं म्हणून वाचले.

प्रकरण 2023 मधलं. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी एका मुलाला मार्चच्या सुरुवातीला ऑफर दिली, त्याने दोन दिवसांत सही करून पाठवली. जॉइनिंग 17 एप्रिलला. तो तेव्हा दुसऱ्या कंपनीत नोटीस पिरियडवर होता, शेवटचा दिवस 13 एप्रिल. 27 मार्चला बीजीव्हीचा, म्हणजे उमेदवाराने दिलेली माहिती तपासणाऱ्या एजन्सीचा रिपोर्ट आला: शिक्षण ग्रीन, पत्ता ग्रीन, आधीची नोकरी रेड. फॉर्ममध्ये त्याने त्या कंपनीत 2 जुलै 2018 ते 30 सप्टेंबर 2021 काम केल्याचं लिहिलं होतं. तिथल्या एचआरने एजन्सीला मेलवर कळवलं की शेवटचा दिवस 31 डिसेंबर 2020 होता आणि जोडलेलं एक्स्पिरियन्स लेटर आमच्याकडून दिलेलं नाही. यूएएन या त्याच्या पीएफ क्रमांकावरच्या सर्व्हिस हिस्टरीतही पीएफ डिसेंबर 2020 ला थांबलेला आणि ऑक्टोबर 2021 पासून नव्या कंपनीत सुरू झालेला. मधले नऊ महिने कुठेच नव्हते.

मी त्याच संध्याकाळी मसुदा लिहिला: "आपण बनावट कागदपत्रे सादर करून कंपनीची फसवणूक केल्याचे सिद्ध झाल्याने आपली ऑफर तत्काळ रद्द करण्यात येत आहे." वकीलसाहेबांनी पेन्सिलीने तीन शब्दांखाली रेघ मारली. बनावट, फसवणूक, सिद्ध. मला विचारलं, "सिद्ध कोणासमोर झालं? तुमच्या हातात एका कंपनीचा मेल आहे आणि पीएफच्या नोंदी आहेत. तेवढंच लिहा. आणि त्या मुलाला विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. रेड म्हणजे खोटं असं मी धरून चालले होते. खरं तर रेडचा अर्थ एवढाच की उमेदवाराने सांगितलेलं आणि समोरून आलेलं उत्तर जुळत नाही. आमच्या पट्ट्यात याचं सर्वांत नेहमीचं कारण थर्ड पार्टी पेरोल आहे. मुलगा तीन वर्षं एका मोठ्या कंपनीच्या गेटमधून आत जातो, तिचाच युनिफॉर्म घालतो आणि फॉर्मवर तिचंच नाव लिहितो. पगार मात्र कॉन्ट्रॅक्टरकडून होतो. मोठ्या कंपनीचा एचआर रेकॉर्ड बघून सांगतो, असा कोणी आमच्याकडे नव्हता. रेड. आमच्याकडे अशाच एका मुलीने कॉन्ट्रॅक्टरचं नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा आणून दिल्या आणि अर्ध्या तासात प्रश्न मिटला. ती आज आमच्याकडे लाइनवर आहे. न विचारता पत्र गेलं असतं तर चूक आमची असती. "पडताळता आलं नाही" हा तर वेगळाच शेरा आहे. कंपनी बंद पडलेली असते किंवा कोणी मेलला उत्तर देत नाही. तेवढ्यावर ऑफर काढून घेऊ नका, बँक स्टेटमेंट आणि पीएफच्या नोंदी मागा.

म्हणून पहिलं पत्र नेहमी खुलाशाचं जातं. 28 मार्चला मी त्याला मेल केला. "आपल्या अर्जातील पुढील माहिती आणि पडताळणीत मिळालेली माहिती यांत फरक आढळला आहे" असं लिहून खाली दोन्ही तारखा शेजारी शेजारी दिल्या, लेटरबद्दल त्या कंपनीने काय कळवलं ते जसंच्या तसं लिहिलं आणि 3 एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत खुलासा व कागदपत्रं मागितली. उत्तर आलं नाही तर उपलब्ध माहितीवर निर्णय घेऊ, हेही त्यात होतं. निर्णय आधीच झालाय असं वाटेल असा एकही शब्द ठेवला नाही.

1 एप्रिलला त्याने उत्तर दिलं. डिसेंबर 2020 मध्ये नोकरी गेली होती, कोविडच्या काळात दुसरी मिळेना, गॅप दिसला की कोणी पुढे बोलावत नव्हतं, म्हणून ओळखीच्या माणसाकडून लेटर तयार करून घेतलं, असं त्याने स्वतःच लिहिलं. मला वाचून वाईट वाटलं. नऊ महिन्यांच्या गॅपसाठी आम्ही त्याला कधीच नाकारलं नसतं. पण क्वालिटीच्या माणसाची सही इन्स्पेक्शन रिपोर्टवर जाते, तिथे तयार करून घेतलेलं लेटर दुर्लक्षून पुढे जाणं आम्हाला शक्य नव्हतं.

इथे कायद्याची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पत्रातली शब्दरचना तिच्यावर उभी आहे. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 5 प्रमाणे प्रस्ताव मागे घ्यायचा तो समोरच्याने स्वीकार कळवण्याच्या आत. आमच्या मुलाने तर सही करून पाठवली होती, म्हणजे करार झाला होता. मग नुसतं "आम्ही ऑफर मागे घेत आहोत" एवढं पुरत नाही, कोणत्या आधारावर ते सांगावं लागतं. पहिला आधार ऑफर लेटरमधली अट. आमच्या लेटरच्या सातव्या मुद्द्यात ही ऑफर पडताळणी समाधानकारक होण्याच्या अटीवर दिली असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसरा आधार कलम 19: चुकीची माहिती देऊन संमती मिळवली असेल तर ज्याची संमती घेतली तो करार रद्द करू शकतो. पण याच कलमाला एक अपवाद आहे. चुकीचं सांगितलं किंवा काही दडवलं, तरी साधी काळजी घेऊन तुम्हाला खरं कळलं असतं, तर नंतर तक्रार चालत नाही. म्हणजे पीएफच्या नोंदी तुमच्या फाइलमध्ये पडून असतील आणि त्या कोणी उघडल्याच नसतील, तर बाजू लंगडी होते. म्हणून आम्ही अटीचा आधार घेतला. तिथे कोणाचा हेतू काय होता हे सिद्ध करावं लागत नाही, अट पूर्ण झाली नाही एवढं दाखवलं की पुरतं. ऑफर लेटरमध्ये अशी अटच नसेल तर पत्र लिहिण्याआधी वकिलाकडे जा.

5 एप्रिलला गेलेल्या पत्राचा मजकूर मराठीत असा होता:

> आपल्याला क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी दिलेल्या ऑफर लेटरचा आणि आमच्या 28 मार्चच्या मेलचा संदर्भ घ्यावा. ऑफर लेटरमधील मुद्दा 7 नुसार ही ऑफर आपण दिलेल्या माहितीची पडताळणी समाधानकारक होण्याच्या अटीवर होती. आपल्या अर्जात पूर्वीच्या नोकरीचा शेवटचा दिवस 30 सप्टेंबर 2021 नमूद आहे. संबंधित कंपनीने तो 31 डिसेंबर 2020 असल्याचे व सादर केलेले अनुभवपत्र त्यांच्याकडून दिलेले नसल्याचे कळवले आहे. आपला 1 एप्रिलचा खुलासा आम्ही विचारात घेतला. उपलब्ध माहितीवरून मुद्दा 7 मधील अट पूर्ण होत नसल्याने ही ऑफर आजपासून संपुष्टात आली आहे व 17 एप्रिलला रुजू होण्याची आवश्यकता नाही. आपल्याला काही कळवायचे असल्यास याच मेलवर सात दिवसांत कळवावे.

यात काय नाही ते बघा. त्याच्या स्वभावाबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल अक्षर नाही. त्याने स्वतः कबूल केलं होतं तरी "कबुली" हा शब्द टाळून "खुलासा" लिहिला. पोलिसांचा, काळ्या यादीचा उल्लेख नाही. खेद व्यक्त करणारं लांबण नाही, कारण त्यातून "पुढे बघू" असा अर्थ निघू शकतो. आणि "अंतर्गत कारणांमुळे" असलं खोटं कारणही नाही. काही जण भांडण टाळायला जागा रद्द झाली असं लिहितात आणि पंधरा दिवसांनी तीच जागा पुन्हा जाहिरातीत दिसते. मग खरं कारण सांगूनही कोणी विश्वास ठेवत नाही.

पत्र फक्त त्यालाच गेलं, ऑफर ज्या मेलवरून गेली होती त्याच मेलवरून, सीसीमध्ये कोणी नाही. बदनामी ठरते ती गोष्ट तिसऱ्या माणसापर्यंत पोचली की. आता तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत 499 आणि 500 होतं. ज्या प्लेसमेंट कन्सल्टंटने मुलगा पाठवला होता त्याने फोन करून कारण विचारलं. त्याला "ही ऑफर आम्ही पुढे नेत नाही, दुसरे प्रोफाइल पाठवा" एवढंच सांगितलं. एचआरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावासकट "सावधान" लिहिणारे मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. पडताळणीची संमती त्याने आमच्या नोकरीपुरती दिलेली असते. रिपोर्ट माझ्याकडे आणि माझ्या साहेबांकडेच राहिला. प्लांट हेडना मी फक्त निकाल सांगितला.

तारखेचंही महत्त्व आहे. 5 एप्रिल निवडली कारण त्याचा जुना राजीनामा 13 एप्रिलपर्यंत लागू व्हायचा होता. आठ दिवस आधी कळलं तर तो तिथे राजीनामा परत घेण्याची विनंती तरी करू शकतो. 16 तारखेच्या रात्री कळवलं असतं तर त्याच्या हातात काहीच उरलं नसतं. त्या प्रकरणानंतर आम्ही क्रम बदलला. शिक्षण आणि जुन्या नोकऱ्यांची पडताळणी आता उमेदवाराने राजीनामा देण्याआधीच उरकतो, नोटीसच्या काळात फक्त सध्याच्या कंपनीची बाकी ठेवतो. तिथे शेवटच्या दिवसाआधी विचारलं तर त्याचीच अडचण होते. माणूस रुजू झाल्यावर रेड आला तर वरचं पत्र चालणार नाही. तेव्हा तो कर्मचारी असतो. कारणे दाखवा नोटीस, त्याचं म्हणणं ऐकणं, नेमणूकपत्राच्या अटी आणि लागू असतील तिथे स्टँडिंग ऑर्डर्स म्हणजे कारखान्याचे सेवानियम, असा तो वेगळा मार्ग आहे.

5 एप्रिलचा मेल पाठवायच्या आधी मी त्याला फोन केला होता. पत्रात आहे तेवढंच सांगितलं, वेगळं काही नाही, कारण हल्ली प्रत्येक फोन रेकॉर्ड होत असतो असं धरूनच बोलावं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, पुढच्या कंपनीने विचारलं तर तुम्ही हे सांगणार का?" मी म्हटलं, "तुम्ही आमच्याकडे नोकरीला नव्हता, त्यामुळे आमच्याकडून कोणाला काही सांगण्याचा प्रश्न येत नाही. फॉर्ममध्ये मात्र ते नऊ महिने रिकामे लिहा." त्याने हो म्हटलं, आणि मग मी मेल पाठवला.