महिनाअखेरीचे तीन रेशो: आकडेमोडीआधी तासांची तयारी

ॲक्टिव्हिटी, कपॅसिटी आणि एफिशियन्सी हे तिन्ही रेशो मिळून तीनच आकडे मागतात: बजेटमधले तास, झालेल्या उत्पादनाचे स्टँडर्ड तास आणि प्रत्यक्ष काम झालेले तास. भागाकार कुणीही करतो. वेळ जातो तो हे तीन आकडे जमवण्यात, आणि चूक शिरते तीही तिथेच. म्हणून महिना संपला की मी आधी हे तीन आकडे कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहितो आणि प्रत्येकासमोर तो कुठल्या कागदावरून घेतला ते लिहितो. तिसऱ्यासमोरची जागा रिकामी असेल, तर भागाकाराला हात लावत नाही.

उदाहरणाला एक जोडणी विभाग घेऊ. तिथे दोन प्रकारचे पंप जोडले जातात. छोट्या पंपाला स्टँडर्डप्रमाणे ४ तास लागतात, मोठ्याला १०. बजेट होतं २० कामगार, रोज ८ तास, २५ दिवस, म्हणजे ४,००० तास. त्यात ५०० छोटे आणि २०० मोठे पंप व्हायचे होते, दोन्हींना प्रत्येकी २,००० तास. पहिला आकडा हा, ४,०००. तो वर्षाच्या सुरुवातीला मंजूर झालेल्या बजेटमधून जसाच्या तसा उचलायचा. महिन्यात सुट्टी वाढली, माणसं कमी आली म्हणून याला हात लावायचा नाही. काय बिघडलं ते दाखवायलाच तर रेशो काढतोय.

दुसरी तयारी उत्पादनाची. विभागाने महिन्यात ६०० छोटे आणि १२८ मोठे पंप पूर्ण केले. इथे नगांची बेरीज करायचा मोह होतो, तो टाळा. बजेटमध्ये ७०० नग, झाले ७२८, म्हणजे काम ४ टक्के जास्त, असं छान वाटतं. पण चार तासांचा पंप आणि दहा तासांचा पंप एकाच मापाने मोजता येत नाहीत. स्टँडर्ड तास नेमके त्यासाठीच असतात. नाव तासांचं असलं तरी ते उत्पादनाचं माप आहे, घड्याळाचं नव्हे. ६०० ला ४ ने गुणा, मोठ्या पंपांना १० ने, आणि मग बेरीज करा.

ती बेरीज करण्याआधी मात्र विभागात एक चक्कर मारून या. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी टेबलांवर २० मोठे पंप अर्धवट जोडलेले होते, साधारण निम्मं काम झालेलं. महिन्याच्या सुरुवातीला असं अर्धवट काही नव्हतं. त्या वीस पंपांवर घातलेले तास प्रत्यक्ष तासांत आलेच आहेत, मग त्यांचं उत्पादनही मोजायला हवं. निम्मे झालेले २० पंप म्हणजे पूर्ण १० पंपांएवढं काम. मोठ्या पंपांचा आकडा १३८ होतो. स्टँडर्ड तास: छोट्यांचे २,४००, मोठ्यांचे १,३८०, एकूण ३,७८०. अर्धवट पंप सोडले असते तर ३,६८० आले असते. ते १०० तास हरवत नाहीत, पुढच्या महिन्यात उगवतात आणि त्या महिन्याची एफिशियन्सी फुकट फुगवतात. सलग दोन महिन्यांत एक खाली आणि एक वर असा झोका दिसला, की मी पहिल्यांदा अर्धवट कामाचीच नोंद काढून पाहतो. पुढच्या महिन्यात हेच १० पंपांचं काम वजा करायला विसरू नका, नाहीतर ते दोनदा मोजलं जाईल.

चाचणीत नापास होऊन पुन्हा खोललेल्या पंपाचं गणित सोपं आहे. पंप एक, त्याचे स्टँडर्ड तास एकदाच. दुसऱ्यांदा जोडताना गेलेले तास मात्र प्रत्यक्ष तासांत राहतात आणि एफिशियन्सी खाली खेचतात. तसंच व्हायला हवं.

आता तिसरा आकडा, प्रत्यक्ष तास. माझ्या अनुभवात सगळ्यात दगा देणारा हाच. पगारपत्रक हाताशी असतं, त्यात तासांची तयार बेरीज असते, आणि घाईत तीच उचलली जाते. आपल्या विभागात २५ ऐवजी २४ दिवसच काम झालं, म्हणजे उपलब्ध तास ३,८४०. गैरहजेरीत १५ दिवसांचे, म्हणजे १२० तास गेले. पगार झाला ३,७२० तासांचा. पण त्यातही एके दिवशी हवेचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि वीसही जण ६ तास बसून होते. ते १२० तास पगारात आहेत, कामात नाहीत. प्रत्यक्ष काम झालं ३,६०० तास. ओव्हरटाइम असेल तर आणखी एक खोच असते. काही पगारपत्रकांत दुप्पट दराचे २ तास सरळ ४ तास म्हणून लिहिलेले असतात. आपल्याला घड्याळातले २ च हवेत. म्हणून हा आकडा जॉब कार्डांवरून घ्यायचा आणि पगारपत्रकाशी फक्त ताळा जुळवायचा: ३,७२० वजा रिकामे १२० बरोबर ३,६००.

तीन आकडे जमले, आता भागाकार.

ॲक्टिव्हिटी = ३,७८० ÷ ४,००० = ९४.५ टक्के
कपॅसिटी = ३,६०० ÷ ४,००० = ९० टक्के
एफिशियन्सी = ३,७८० ÷ ३,६०० = १०५ टक्के

पहिला सांगतो बजेटच्या तुलनेत काम किती निघालं, दुसरा सांगतो ठरलेल्या तासांपैकी किती वापरले, तिसरा सांगतो वापरलेल्या तासांत काम किती वेगाने झालं. कपॅसिटी आणि एफिशियन्सीचा गुणाकार ॲक्टिव्हिटीएवढा यायलाच हवा: ०.९० गुणिले १.०५ बरोबर ०.९४५. नगांच्या हिशेबाने ४ टक्के पुढे असलेला विभाग प्रत्यक्षात साडेपाच टक्के मागे आहे.

गुणाकार जुळला की बरेच जण फाइल बंद करतात. मीही करायचो. एका जुन्या नोकरीत सलग काही महिने मी पगाराचेच तास घेत होतो आणि ताळा दर महिन्याला चोख जुळायचा. शेवटी जोडणीच्या सुपरवायझरनेच विचारलं, "साहेब, कॉम्प्रेसर बंद होता ते तासही आमच्याच माथी का मारता?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. प्रत्यक्ष तास एका रेशोत वर असतात आणि दुसऱ्यात खाली. गुणाकारात ते कटून जातात, मग आकडा कुठलाही टाका, ताळा जुळणारच. आपल्याच उदाहरणात ३,६०० ऐवजी ३,७२० घालून बघा. कपॅसिटी ९३ टक्के होते, एफिशियन्सी साधारण १०१.६ वर घसरते, आणि गुणाकार पुन्हा ९४.५. हा ताळा भागाकारातली चूक पकडतो, चुकीचे तास पकडत नाही. बंद यंत्राचा दोष गुपचूप हातांच्या वेगावर जातो. त्याला उपाय एकच, वरचा जॉब कार्ड आणि पगारपत्रकाचा ताळा.

दुसरी एक चूक मात्र बघताक्षणी ओळखू येते. ॲक्टिव्हिटी बरोबर १०० आली, तर समजा की कुणीतरी स्टँडर्ड तास काढताना झालेल्या उत्पादनाऐवजी बजेटचंच उत्पादन घेतलंय. ५०० छोटे आणि २०० मोठे यांचे तास ४,००० च येणार. मग कपॅसिटी ९० असताना एफिशियन्सी १११ दिसते आणि विभागात पेढे वाटायची वेळ येते.

वर्षाच्या मध्यात स्टँडर्ड बदललं असेल, तर त्याची तारीख कागदावर आधीच लिहून ठेवा. समजा नव्या हत्यारामुळे छोट्या पंपाचं स्टँडर्ड ४ वरून ३.६ वर आणलं आणि बजेट जुन्याच ४ वर राहिलं. तेवढेच ६०० पंप आता २,४०० ऐवजी २,१६० तासांचे मोजले जातात. ॲक्टिव्हिटी ६ टक्क्यांनी पडते आणि विभागात मात्र काहीच कमी झालेलं नसतं. अशा वर्षात एकतर बजेटचे तासही नव्या स्टँडर्डवर मांडा, नाहीतर रेशो जुन्यावर चालू ठेवा. दोन्हींची खिचडी नको.

बैठकीला जाण्याआधी दोन तक्ते आणखी. पहिला कपॅसिटीतल्या उणे दहा टक्क्यांचा. तो तयार नसेल तर पहिला प्रश्न त्यावरच येतो. ४,००० तासांतून एक दिवस गेला म्हणून १६० तास, गैरहजेरीचे १२०, कॉम्प्रेसरचे १२०. टक्क्यांत ४, ३ आणि ३. कॅलेंडर रेशो मागणारे असतील तर २४ भागिले २५, म्हणजे ९६ टक्के, वेगळा दाखवा. पण मग कपॅसिटी ४,००० वर नाही, २४ दिवसांच्या ३,८४० तासांवर काढायची, ती ९३.७५ टक्के येते. कॅलेंडर वेगळा दाखवून कपॅसिटी ९० च ठेवली तर बंद दिवसाची शिक्षा दोनदा होते. इथे मात्र तीन रेशोंचा गुणाकार ती चूक लगेच दाखवतो: ०.९६ गुणिले ०.९३७५ गुणिले १.०५ बरोबर ०.९४५, आणि ०.९० घातलं तर ते जुळत नाही.

दुसरा तक्ता उत्पादनवार. एकूण १०५ ही एफिशियन्सी सरासरी आहे आणि ती बरंच झाकते. जॉब कार्डं दोन गठ्ठ्यांत विभागली तर छोट्या पंपांवर २,१६० तास गेले, मोठ्यांवर १,४४०. छोट्यांची एफिशियन्सी १११, मोठ्यांची ९६ सुद्धा नाही. ॲक्टिव्हिटी पाहिली तर छोट्यांची १२० आणि मोठ्यांची फक्त ६९. म्हणजे विभागाने हाताला सोपा असलेला पंप आधी उरकला आणि अवघड मागे ठेवला, किंवा मोठ्या पंपाचे भागच वेळेवर आले नाहीत. यातलं खरं कुठलं ते रेशो सांगत नाही. त्यासाठी मी भांडाराची मोठ्या पंपाच्या भागांची आवक नोंद आणि १० तासांपेक्षा जास्त लागलेली जॉब कार्डं वेगळी काढून फाइलमध्ये वरच लावतो. छोट्या पंपाचं चार तासांचं स्टँडर्ड सैल तर नाही ना, हेही त्याच वेळी बघून घेतो. १११ दर महिन्याला येत असेल, तर श्रेय कामगारांच्या हातांचं की ढिल्या मापाचं, हे विचारावंच लागतं.