परदेशी पैसे पाठवल्यावर बँकेची पावती वाचताना या चुका टाळा

भाचीच्या डब्लिनमधल्या कॉलेजच्या फीचा हप्ता ५,००० युरो होता. दाजींनी सांगलीतून बँकेमार्फत पाठवला आणि मला पावतीचा फोटो टाकला: "हजार रुपयांत काम झालं बघ." चार दिवसांनी भाचीचा फोन आला, कॉलेज म्हणतंय फी २० युरो कमी आलीय. मग आम्ही ती पावती नीट वाचायला बसलो. हिशोब सोपा जावा म्हणून खाली दर गोल आकड्यांत घेतो.

पावतीवर चार ओळी होत्या: दर १०२ रुपयांप्रमाणे ५,१०,०००, कमिशन १,०००, त्यावर जीएसटी १८०, आणि चलन बदलाचा जीएसटी ५४९. खात्यातून एकूण ५,११,७२९ गेले.

दाजींची पहिली चूक म्हणजे 'कमिशन' लिहिलेली ओळ तेवढाच खर्च धरणं. खरी कमाई दराच्या ओळीत असते आणि तिथे 'चार्ज' हा शब्द नसतो. त्या वेळी बाजारातला मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या मधोमध असलेला, १०० रुपये होता. बँकेने १०२ लावला. युरोमागे दोन रुपये म्हणजे ५,००० युरोंवर १०,००० रुपये, कमिशनच्या दहापट. 'झिरो फी' म्हणून जाहिरात करणाऱ्यांकडे तर हीच ओळ आधी बघायची.

मात्र तुलना कुठल्या दराशी करता तेही बघा. संध्याकाळी गूगलवर दिसलेला दर दुपारच्या व्यवहाराला लावून बँकेशी भांडण्यात अर्थ नाही. पावतीवर तारीख आणि वेळ असेल तर त्याच सुमाराचा मधला दर घ्या. वेळ नसेल तर एफबीआयएल ही संस्था रोज दुपारी जाहीर करते तो त्या दिवशीचा संदर्भ दर धरा. पैशांत थोडा फरक पडेल, रुपयांत सहसा नाही. नोटा विकतात तो दर घेऊ नका, तो आणखी महाग असतो. पाठवणीला बँक 'टीटी सेलिंग' दर लावते.

५४९ रुपयांचा जीएसटी बघून दाजी म्हणाले, कमिशनवर एकदा घेतला, मग परत कसा? हा दुसरा जीएसटी चलन बदलून देण्याच्या सेवेवरचा आहे आणि तो पूर्ण रकमेवर लागत नाही. १ लाख ते १० लाखांच्या व्यवहारात सेवेचं मूल्य १,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का धरतात. इथे १,००० अधिक ४,१०,००० चा अर्धा टक्का २,०५०, मिळून ३,०५०. त्याचे १८ टक्के ५४९. म्हणजे ही ओळ बरोबर होती. याउलट पावतीवर टीसीएस दिसला तर तो खर्चात धरू नका. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला कर आहे, 26AS मध्ये दिसतो आणि विवरणपत्रात वळता करता येतो. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात एकूण १० लाखांपर्यंत पाठवल्यास तो लागतच नाही, म्हणून दाजींच्या पावतीवर नव्हता.

राहिले २० युरो. ते पावतीवर कुठेच नव्हते, कारण ते वाटेतल्या मधल्या बँकेने कापले होते. फॉर्मवर दाजींनी SHA वर खूण केली होती: इथले चार्ज आपण भरायचे, पुढचे घेणाऱ्याच्या रकमेतून. फीसाठी OUR निवडायला हवं होतं. थोडं जास्त कमिशन पडतं, पण रक्कम सहसा पूर्ण पोचते. पैसे गेल्यावर असं झालं तर शाखेत जाऊन स्विफ्ट संदेशाची प्रत मागा. त्यात 71A समोर OUR की SHA ते लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याच्या बँकेकडे पोचलेल्या प्रतीत 71F समोर वाटेत कापलेली रक्कम दिसू शकते. नव्या पद्धतीच्या संदेशात याच जागी DEBT किंवा SHAR असतं. सोबत UETR नावाचा लांबलचक क्रमांकही मागून घ्या, त्यावरून पैसे कुठे थांबले ते बँकेला शोधता येतं. OUR असूनही कापले असतील, तर तक्रारीला ही प्रतच लागते.

आता सगळं एकत्र. खात्यातून गेलेले रुपये भागिले पोचलेले युरो:

```
511729 / 4980 = 102.76
4980 * 100 = 498000
511729 - 498000 = 13729
```

म्हणजे दाजींना युरो १०२ नव्हे, पावणे एकशे तीनला पडला आणि हजाराचं काम १३,७२९ रुपयांना झालं. पुढच्या हप्त्याला दाजींनी पैसे भरण्याआधीच शाखेला विचारलं, "दर किती लावणार?" पहिलं उत्तर १०२ च होतं. "दुसरी बँक कमी सांगतेय" म्हटल्यावर साहेबांनी कुठेतरी फोन केला आणि युरोमागे ८० पैसे उतरवले.