१२८ जीबीच्या फोनमध्ये तुमच्या वाट्याला किती जागा येते, ते असं मोजा

स्टोरेजमध्ये ‘सिस्टिम’समोरचा मोठा आकडा पाहून लोक क्लीनर ॲप टाकतात, नाहीतर फोन फॅक्टरी रीसेट करतात. दोन्हींनी ती जागा परत मिळत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत सेटिंग्ज एकूण जागा सरळ १२८ दाखवतं आणि ज्याचा हिशेब लागत नाही ते सगळं ‘सिस्टिम’च्या नावावर टाकतं. त्यामुळे आधी खरा आकडा काढा.

फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डिबगिंग चालू करा, कॉम्प्युटरवर फोनला कमांड देणारं `adb` हे टूल टाका, फोन जोडा आणि ही कमांड द्या:

```
adb shell df -h /data
```

`/data` म्हणजे तुमची ॲप्स, फोटो आणि फाइल्स राहतात तो भाग. समजा त्याच्या `Size` खाली `107G` आलं. आता १२८ मधून १०७ वजा करून २१ जीबी गेले असं म्हणू नका. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. ही कमांड १०२४ च्या पटीत मोजते, तिचा एक जीबी सुमारे १०७.४ कोटी बाइटचा. त्या मापाने १२८ चे ११९ होतात, आणि यात एकही बाइट कमी झालेला नसतो. ११९ मधून १०७ गेले, उरले १२. अँड्रॉइड, कंपनीची ॲप्स आणि इतर राखीव भाग मिळून खरोखर गेलेली जागा एवढीच.

खरी गफलत पुढे होते. ‘नको ती ॲप्स काढा, जागा मिळेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. आधीपासून आलेल्या ॲपचं पान उघडून बटण बघा. ‘अनइन्स्टॉल’ असेल तर ते सहसा तुमच्या १०७ मध्ये बसलेलं असतं. बिनधास्त काढा, जागा मिळेल. फक्त ‘डिसेबल’ असेल तर मूळ ॲप सिस्टिमसाठी वेगळ्या आखून ठेवलेल्या भागात, म्हणजे वेगळ्या पार्टिशनमध्ये आहे. ते बंद केल्यावर त्याचे अपडेट आणि साठलेला डेटा जातो, तेवढीच जागा सुटते. मूळ प्रत जागच्या जागी राहते. `adb` ने `pm uninstall --user 0` केलं तरी मूळ प्रत तिथेच राहते. ॲप तुमच्यापुरतं दिसेनासं होतं, इतकंच.

रूट करून ती फाइलच उडवा, असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. पार्टिशनची हद्द आखलेली असते. तिकडे रिकामी झालेली जागा तुमच्या फोटोंना मिळत नाही, उलट सिस्टिममध्ये फेरफार दिसला म्हणून फोन सुरूच व्हायला नकार देऊ शकतो.

मोठा सिस्टिम अपडेट येताना मोकळी जागा अचानक घटली तर घाबरू नका. अँड्रॉइड ११ पासूनच्या बऱ्याच फोनांत अपडेट तात्पुरती तुमच्याकडची जागा वापरतो आणि काम पूर्ण झालं की सोडतो. तेवढी जागा नसेल तर अपडेट अडतो, म्हणून काही जीबी मोकळे ठेवाच.

ॲप्स काढून झाली की तीच कमांड पुन्हा द्या. `Avail` वाढलेलं दिसेल. `Size` मात्र `107G` च राहील.