मधल्या प्लॅनचा टक्का वाढला? आधी आकडे मोजा

एखाद्या सेवेच्या किमतीच्या पानावर तीन प्लॅन शेजारी मांडले की बरेच ग्राहक मधला उचलतात. स्वस्तात काहीतरी कमी पडेल आणि महागड्यात पैसे वाया जातील, ही दोन्ही भीती मधल्यात टळते. मार्केटिंगचे संशोधक इतामार सायमन्सन यांनी 1989 मध्ये हा ‘तडजोडीचा परिणाम’ मांडला. त्यात ‘सर्वाधिक लोकप्रिय’ची पट्टी आणि आधीच निवडून ठेवलेला पर्याय यांचीही भर पडते. म्हणून मधला जास्त खपतो याचा अर्थ त्याची किंमत अचूक ठरली आहे, असा लगेच काढू नका.

खरी गफलत टक्केवारी वाचताना होते. समजा, मागच्या महिन्यात नवे ग्राहक 100 होते: बेसिक 40, मधला 50, वरचा 10. या महिन्यात बेसिकची किंमत वाढवली आणि नोंद झाली 20, 50, 10. मधल्याचा वाटा 50 टक्क्यांवरून 62.5 वर गेला. अहवालात हे यश दिसेल. प्रत्यक्षात मधल्यात एकही ग्राहक वाढला नाही, बेसिकचे 20 मात्र गेले. पानावर येणारे तेवढेच असतील, तर हे 20 जण वर सरकले नाहीत, निघून गेले.

त्यामुळे वाट्याशेजारी मूळ संख्या आणि दर 100 भेटींमागचे उत्पन्न हवेच. नवे ग्राहक जुन्यांपासून वेगळे मोजा. एकत्र बेरजेत जुन्यांची गर्दी ताजा बदल कित्येक महिने झाकून ठेवते. आणि तीन महिन्यांनी मधल्यातले किती जण बेसिकवर उतरले, तेही पाहा. हा आकडा मोठा असेल तर त्यांना मधल्याची गरज नव्हती, मांडणीने तिथे नेलं होतं.